पावसाळ्यात मेंढी लंगडली की लगेच चाकू काढू नका

जुलै-ऑगस्टमध्ये बारामती, इंदापूर, दौंड भागातल्या कळपांत मेंढ्या लंगडायला लागल्या की दोन उपाय ठरलेले असतात. आधी चाकूने रक्त येईपर्यंत खूर सोलायचे, मग मोरचुदाच्या पाण्यातून सगळा कळप हाकून न्यायचा. आठवड्याने पाहावं तर लंगडणाऱ्या मेंढ्या तेवढ्याच, कधी दोन-चार जास्तच. मग औषध भेसळीचं होतं असं म्हणून विषय संपतो. औषध बहुतेक वेळा ठीकच असतं, पण रोग खुरात नेमका कुठे बसलाय हे कुणी पाहिलेलं नसतं.

खूर सडण्यामागे दोन जंतू असतात. पहिला फ्युसोबॅक्टेरियम नेक्रोफोरम. तो लेंड्यांत आणि चिखलात नेहमीच असतो. पाय सतत ओले राहिले की दोन नख्यांमधली कातडी मऊ पडते, हा जंतू तिथे शिरतो आणि कातडी लाल, ओलसर, सोललेली दिसते. एवढ्यावर थांबलं तर कोरड्या जागेवर आणि साध्या फुटबाथने ते बरं होतं. दुसरा जंतू डायकेलोबॅक्टर नोडोसस. खरा फुटरॉट याच्यामुळे होतो. १९४१ साली ऑस्ट्रेलियात बेव्हरिज यांनी हे दाखवून दिलं. तो राहतो मेंढ्या-शेळ्यांच्या रोगट पायातच, उघड्या जमिनीवर उबदार हवेत साधारण दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकत नाही. पहिल्या जंतूने कातडी नरम करून ठेवली की याला वाट मिळते. तो असे पाचक रस सोडतो की खुराचं शिंग आतल्या मांसापासून सुटत जातं. सुरुवात टाचेच्या आतल्या बाजूने होते, मग तळवा, शेवटी बाहेरची भिंत. त्याला हवा सोसत नाही, म्हणून तो त्या सुटलेल्या शिंगाखाली लपून बसतो. तिथली करडी, चिकट घाण आणि तिचा वास एकदा घेतला की विसरत नाही.

पहिली चूक: मेंढी न उलटवता निदान

लांबून लंगडणं सारखंच दिसतं, पण त्याची रीत वेगळी असते. फुटरॉटमध्ये आधी एक-दोन मेंढ्या लंगडतात आणि ओल टिकली तर दोन-तीन आठवड्यांत बऱ्याच. एकाच मेंढीचे दोन-तीन पाय धरलेले असतात. पुढचे दोन्ही पाय दुखत असतील तर ती गुडघे टेकून चरते, त्यामुळे गुडघ्यावरचे केस झिजलेले दिसतात. मागचे पाय दुखत असतील तर ती नुसती बसून राहते आणि पोट खपाटीला जातं.

एकच मेंढी, एकच पाय, खूर गरम आणि सुजलेला असेल तर बाभळीचा काटा किंवा आतला गळू शोधा. दोन-चार दिवसांत अर्धा कळप लंगडला, ताप आहे, तोंडात फोड किंवा लाळ आहे, तर लाळ-खुरकूत असू शकतं. ओठ-तोंड सुजलेलं, नाकातून स्राव आणि केस-खुराच्या सांध्यावर लाल पट्टा असेल तर नीलजिव्हेचा संशय घ्या. या दोन्हीत फुटबाथ घालत बसू नका, कळप हलवू नका आणि १९६२ वर फोन करून पशुवैद्यकाला बोलवा.

दुसरी चूक: रक्त येईपर्यंत छाटणी

पूर्वी सल्ला असाच होता की सडलेलं शिंग काढा म्हणजे हवा आत जाईल. गेल्या काही वर्षांतल्या अभ्यासांतून उलटं दिसलं. लंगड्या पायाची खोल छाटणी केली की बरं व्हायला जास्त दिवस लागतात. छाटणी न करता योग्य प्रतिजैविकाचं इंजेक्शन आणि नख्यांमध्ये स्प्रे दिलेल्या मेंढ्या लवकर नीट चालतात, बहुतेक पाच-सहा दिवसांतच. कारण उघडं आहे. उघडं मांस दुखतं, त्यात चिखल जातो, आणि पुढे खुराच्या टोकाला लाल मांसल गाठ येऊन मेंढी कायमची लंगडी होऊ शकते. शिवाय तोच चाकू न धुता पुढच्या मेंढीला लावला की रोग आपणच वाटत जातो.

म्हणून दुखऱ्या पायात फक्त लोंबतं, सुटलेलं शिंग हलकेच काढा आणि रक्ताआधी थांबा. वाढलेली नखी असेल तर पाय बरा झाल्यावर, कोरड्या दिवसांत कापा. प्रत्येक मेंढीनंतर चाकू जंतुनाशकात बुडवा. काढलेले तुकडे वाड्यात पडू देऊ नका, गोळा करून जाळा, कारण त्यांत हा जंतू मोकळ्या मातीपेक्षा जास्त टिकतो.

तिसरी चूक: पळता फुटबाथ

इथे एक हिशेबच करू. समजा ६० मेंढ्यांचा कळप आहे आणि १४ लंगडतात. सगळ्या उलटवून पाहिल्या तर ८ जणींची फक्त कातडी लाल आहे, ५ जणींचं शिंग सुटलेलं आहे आणि एकीला काटा आहे. काटा काढून टाका, तिचा प्रश्न वेगळा.

त्या ५ जणींना फुटबाथ पुरणार नाही, पाणी शिंगाखाली पोचतच नाही. त्यांना पशुवैद्यकाकडून इंजेक्शन हवं. साधारणपणे लाँग ॲक्टिंग ऑक्सिटेट्रासायक्लिन वापरतात, किलोला २० मिलिग्रॅम. म्हणजे मिलीला २०० मिलिग्रॅम ताकदीच्या औषधाचे १० किलो वजनाला १ मिली, ३० किलोच्या मेंढीला ३ मिली. वजन अंदाजे कमी धरणं ही इथली नेहमीची गफलत. मांस-दुधासाठी किती दिवस थांबायचं ते बाटलीवर वाचा. या ५ जणी वेगळ्या, कोरड्या जागी बांधा.

उरलेल्यांना झिंक सल्फेट. कृषी सेवा केंद्रात मिळणारं शुद्ध झिंक सल्फेट घ्या, सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण नको. प्रमाण १० टक्के. २ मीटर लांब, १ मीटर रुंद हौद, त्यात ६ सेंटिमीटर पाणी म्हणजे १२० लिटर, त्याला १२ किलो. एका वेळी सहाएक मेंढ्या मावतात आणि प्रत्येक गटाला १५ मिनिटं उभं राहायला लागतं. बरोबर, या कामात निम्मा दिवस जातो, पण पळवत नेलं तर सगळी पावडर फुकट. आधी साध्या पाण्यात पाय धुऊन चिखल काढा आणि मेंढ्यांना पाणी पाजून घ्या, नाहीतर तहानेने त्या हौदातलंच पितात. निरोगी आधी, लाल कातडीवाल्या नंतर. बाहेर आल्यावर तासभर कोरड्या फरशीवर किंवा मुरमाच्या जागेवर थांबवा, लगेच चिखलात सोडलं तर औषध धुऊन जातं. पाणी लेंड्यांनी दाट झालं की बदला. उरलेलं द्रावण विहीर, ओढा किंवा कालव्याजवळ ओतू नका.

मोरचूद मी टाळतो. मेंढीच्या यकृतात तांबं साठत जातं आणि प्यायलं-चाटलं तर विषबाधा होते. फॉर्मेलिन ३ टक्के, म्हणजे ३ लिटरला ९७ लिटर पाणी, चालतं. पण उघड्या जखमेवर ते भाजतं, वाफ डोळ्यांत जाते, म्हणून जखमा असलेल्या कळपात नको आणि कधीच बंद गोठ्यात नको.

पाचव्या-सहाव्या दिवशी त्या ५ जणींचे पाय पुन्हा पाहा. एखादी अजून लंगडत असेल तर पशुवैद्यकाला दुसऱ्यांदा दाखवा. लाल कातडीवाल्यांना आठवड्याने पुन्हा फुटबाथ द्या, आणि तोवर कळपाला नव्या, कोरड्या जागी बसवा. जुना वाडा दोन आठवडे मोकळा ठेवला तर जंतू मरायला वेळ मिळतो. दोन उपचारांनंतरही जिचा पाय सुधारत नाही ती पुढच्या पावसाळ्यापर्यंत रोग सांभाळून ठेवते, तिला कळपातून काढलेलं बरं. बाजारातून आणलेली मेंढी, आणि सोबत आलेली शेळीसुद्धा, चार आठवडे वेगळी ठेवून मगच कळपात सोडा.