बिल फायनान्स कंपनीच्या नावे केलंय? ग्राहकाला कळवताना या चुका टाळा

कुंडईचा एक खोकी बनवणारा कारखाना वेर्ण्यातल्या औषध कंपनीला माल देतो. समजा, त्याने 9,44,000 रुपयांचं एक बिल फॅक्टरिंग कंपनीच्या, म्हणजे बिलावर आगाऊ पैसे देणाऱ्या फायनान्स कंपनीच्या, नावे करून दिलं आणि 80 टक्के, म्हणजे 7,55,200 रुपये, लगेच उचलले. आता ग्राहकाने पैसे कारखान्याला द्यायचे नाहीत, थेट फॅक्टरिंग कंपनीला द्यायचे. हे ग्राहकाला कळवताना बहुतेक जण अशी मेल टाकतात: ‘आमचं बँक खातं बदललं आहे, यापुढे खालील खात्यावर पैसे पाठवावेत.’

पहिली चूक इथेच होते. भामटेही नेमकी अशीच मेल पाठवतात. मेलबॉक्समध्ये शिरायचं, खरं बिल पाहायचं आणि खातं ‘बदलायचं’. त्यामुळे ग्राहकाच्या अकाउंट्स विभागाने तुमची मेल बाजूला ठेवली तर चिडू नका. तो माणूस आपलं काम नीट करतोय. शिवाय खातं बदललेलं नाही. बिलाचा पैसा कोणाला मिळायचा, ते बदललंय, आणि नोटिशीत तसंच लिहायला हवं.

फॅक्टरिंग रेग्युलेशन कायदा, 2011 प्रमाणे अशी नोटीस तुम्ही देऊ शकता किंवा फॅक्टरिंग कंपनी. कंपनी देत असेल तर तुम्ही दिलेलं स्पष्ट अधिकारपत्र सोबत लागतं. नोटीस मिळाल्यावर ग्राहकाने कंपनीला पैसे दिले की त्या रकमेपुरता तो मोकळा होतो. ग्राहकाला मुळात हीच खात्री हवी असते, म्हणून हे वाक्य नोटिशीत असू द्या. लेटरहेडवर, अधिकृत व्यक्तीच्या सहीने, बिल क्रमांक, तारीख आणि रक्कम लिहून द्या. ‘आमची सर्व येणी’ असं मोघम लिहिलं की नावे न केलेल्या बिलांचे पैसेही तिकडे जातात आणि मग परत मिळवताना हेलपाटे होतात.

दुसरी चूक जास्त महागात पडते: ‘खात्री करायची असल्यास खालील क्रमांकावर फोन करा.’ पत्र बनावट असेल तर क्रमांकही बनावटच असणार. त्याऐवजी लिहा, ‘तुमच्याकडे आधीपासून नोंदलेल्या आमच्या क्रमांकावर फोन करून खात्री करा.’ आणि ‘सावंत बाब, एक पत्र येतंय, पण माझ्या या फोनवर जाऊ नका, तुम्हीच उलट फोन करा,’ असं ग्राहकाच्या अकाउंट्समधल्या माणसाला आधीच सांगून ठेवा.

ग्राहकाने पडताळणी कशी करायची? आधी जुन्या क्रमांकावर तुमच्याकडून होकार घ्यायचा. मग रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या नोंदणीकृत कंपन्यांच्या यादीत फॅक्टरिंग कंपनीचं नाव बघायचं (बँक असेल तर प्रश्नच नाही), तिचा फोन पत्रातून न घेता तिच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यायचा आणि बिल क्रमांक सांगून विचारायचं. अशी नावे केलेली बिलं जिथे नोंदवली जातात, त्या सेरसाई या केंद्रीय नोंदणीतही शोध घेता येतो. तिथे नोंद करायला काही दिवसांची मुदत असते, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी नोंद दिसली नाही म्हणून पत्र खोटं ठरत नाही. शेवटी नेट बँकिंगमध्ये लाभार्थीचं नाव तपासायचं. नाव फॅक्टरिंग कंपनीचं नसून एखाद्या व्यक्तीचं किंवा अनोळखी ट्रेडर्सचं आलं, तर तिथेच थांबायचं. पैसे गेलेच असतील तर ताबडतोब 1930 वर फोन आणि आपल्या बँकेला कळवणं.

बिल ट्रेड्स या लहान उद्योगांच्या बिलांवर पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचावर गेलं असेल तर ही धावपळ लागत नाही, कारण तिथे ग्राहक स्वतःच आधी बिल मान्य करतो. अशा बिलासाठी वेगळं खातं सांगणारी मेल आली, तर ती संशयास्पदच समजावी.

आता वादाच्या मालाचं. वेर्ण्याच्या कंपनीने 44,000 रुपयांची खोकी ओली निघाली म्हणून परत केली. पैसे कोणाला द्यायचे ते बदललं, तरी मूळ ऑर्डरच्या अटी तशाच राहतात, त्यामुळे ती कंपनी फॅक्टरिंग कंपनीला 9,00,000 रुपयेच देईल. ही वजावट तुम्ही दोघांत मिटवून गप्प बसलात, तर फॅक्टरिंग कंपनीच्या हिशेबात 44,000 कमी पडतात आणि प्रश्न ग्राहकाला विचारले जातात. क्रेडिट नोटची प्रत त्याच दिवशी तिकडे पाठवा. तुम्हाला मिळायची उरलेली रक्कम आता 1,88,800 नाही, तर 1,44,800 वजा त्यांचं शुल्क.

इतकं करूनही पैसे सवयीने जुन्या खात्यात येतात, कारण बिलाच्या छापील नमुन्यावर तेच खातं असतं. नावे केलेल्या बिलावर आधीच फॅक्टरिंग कंपनीच्या नावाचा शिक्का मारा. आणि पैसे आलेच, तर ते तुमचे समजून पगाराला वापरू नका. ते लगेच फॅक्टरिंग कंपनीकडे वळवा आणि दोघांनाही लेखी कळवा. नोटीस मिळूनही ग्राहकाने तुम्हाला पैसे दिले असतील, तर फॅक्टरिंग कंपनी त्याच्याकडे ती रक्कम पुन्हा मागू शकते.