पॉझिटिव्हिझम विरुद्ध नॅचरल लॉ : उत्तर लिहिताना या चुका टाळा

लॉच्या विधिशास्त्राच्या पेपरात हा प्रश्न फिरून फिरून येतो : 'कायदा आणि नीती यांचा संबंध अपरिहार्य आहे का? चर्चा करा.' सोलापुरात मुलांच्या सराव उत्तरपत्रिका तपासताना मला एकच साचा दिसतो. पहिलं पान ऑस्टिन, म्हणजे कायदा कुठून आला यावरून तो कायदा ठरतो, नीतीवरून नाही, असं मानणारा पॉझिटिव्हिझम. दुसरं पान अक्वायनस, म्हणजे खऱ्या कायद्याला नीतीचा आधार लागतोच असं मानणारा नॅचरल लॉ. तिसऱ्यावर 'दोघांचाही समन्वय हवा'. गुण जातात ते पाठांतर कमी पडल्यामुळे नाही. मुळात प्रश्न कशाबद्दल आहे तेच निसटलेलं असतं.

पहिली चूक : पॉझिटिव्हिस्ट म्हणजे 'कायदा आहे ना, मग पाळा' म्हणणारा

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच, म्हणून हिच्यावर जरा थांबू. उदाहरण आपल्याच गावचं घेतो.

मे 1930 मध्ये गांधीजींना अटक झाली, गिरणीकामगार रस्त्यावर उतरले, पोलीस चौक्या पेटल्या आणि काही दिवस गावात इंग्रजी अंमल नावालाही उरला नाही. 12 मेला मार्शल लॉ लागला, तो जूनअखेरपर्यंत चालला. त्याच मे महिन्यात गव्हर्नर जनरलने सोलापूरसाठी खास मार्शल लॉ वटहुकूम काढला. तिरंगा मिरवणं हा गुन्हा झाला आणि त्यासाठी लोकांना तुरुंगात टाकलं गेलं. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी झाली. चार पुतळ्यांपाशी रोज रिक्षा वळवणाऱ्यालाही एवढं ठाऊक असतं.

आता प्रश्न असा : तिरंगा मिरवू नका, हा हुकूम 'कायदा' होता का?

मुलांची उत्तरं दोनच प्रकारची येतात. 'पॉझिटिव्हिझमनुसार तो कायदा होता, म्हणून पाळायला हवा होता.' किंवा 'नॅचरल लॉनुसार तो अन्यायी होता, म्हणून कायदाच नव्हता.' एकदा चहाच्या गाड्यावर यावरून दोघांची जुंपली. एक म्हणाला, "का बे, मग हुतात्मे गुन्हेगार का?" दुसरा गप्पच झाला. गप्प व्हायचं कारण नव्हतं. इथे तीन वेगवेगळे प्रश्न एकात कालवले गेलेत : हा नियम कायदा म्हणून अस्तित्वात होता का, तो चांगला होता का, आणि तो पाळणं लोकांचं कर्तव्य होतं का.

पॉझिटिव्हिझम फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. ऑस्टिनने 1832 मध्ये हेच मांडलं : कायद्याचं असणं ही एक गोष्ट, त्याचं बरंवाईट असणं ही दुसरी. दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नावर पॉझिटिव्हिस्टांमध्ये आपसातच मतभेद असतात. विसाव्या शतकातला पॉझिटिव्हिस्ट हार्ट, त्याचं तर म्हणणं असं की 'हा कायदा आहे, पण इतका दुष्ट आहे की पाळता येणार नाही' हे वाक्य सरळ बोलता आलं पाहिजे, आणि ते बोलता यावं म्हणूनच कायदा आणि नीती वेगळी ठेवायची. म्हणजे कट्टर पॉझिटिव्हिस्टसुद्धा 1930 साली तिरंगा घेऊन निघू शकला असता.

आता पायरी पायरीने सोडवून बघू. पॉझिटिव्हिस्ट आधी उगम शोधेल. वटहुकूम काढायचा अधिकार गव्हर्नर जनरलला भारत सरकार कायद्याच्या कलम 72 ने दिला होता आणि तो कायदा ब्रिटिश संसदेचा. कोर्टं आणि अधिकारी तो मानत होते. आणीबाणी आहे की नाही हे फक्त गव्हर्नर जनरलच ठरवेल, असं लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील कोर्टाने, 1931 मध्ये भगतसिंगांच्या अर्जावर सांगितलं, तेही याच कलमाखाली. म्हणजे वटहुकूम कायदा होता. इथे भावना मध्ये आणू नका.

पण जो हुकूम वटहुकुमाच्या आधीच्या दिवसांत लष्कराने काढला, त्याचं काय? मार्शल लॉ हा स्वतंत्र कायदा नाही, ती गरजेपोटी समर्थन मिळणारी बळजबरी आहे, असं इंग्रजी परंपरेतलं एक जुनं मत आहे. ते धरलं तर त्या दिवसांतला हुकूम हा निव्वळ लष्करी हुकूम ठरतो. बघा, 'हा कायदाच नव्हता' असं इथे पॉझिटिव्हिस्टच म्हणू शकतो, आणि तेही नीतीचं नाव न घेता. उत्तरात हा मुद्दा आणणारा विद्यार्थी मला क्वचितच भेटतो.

दुसरी चूक : 'अन्यायी कायदा कायदाच नाही' एवढंच लिहून थांबणं

हे वाक्य संत ऑगस्टिनपासून चालत आलंय, पण अक्वायनसचं म्हणणं त्याहून बारीक आहे. त्याच्या व्याख्येत चार गोष्टी आहेत : विवेकाचा आदेश असावा, तो सर्वांच्या हितासाठी असावा, समाजाची जबाबदारी असणाऱ्याने काढलेला असावा आणि जाहीर केलेला असावा. तिरंगाबंदीला ही फूटपट्टी लावा. जाहीर केली होती. काढणारा समाजाची जबाबदारी वाहणारा होता का, यावर वाद घालता येतो. सर्वांच्या हितासाठी मात्र ती अजिबात नव्हती. म्हणून अक्वायनसच्या लेखी ती कायद्याची बिघडलेली आवृत्ती. सदसद्विवेकाला ती बांधत नाही. तरीही गोंधळ माजू नये म्हणून कधीकधी असा हुकूम पाळावा लागतो, अशी सवलत तो ठेवतो. म्हणजे त्याच्याकडेसुद्धा 'नावापुरता कायदा' आणि 'पूर्ण अर्थाने कायदा' असा फरक आहे. हा फरक न लिहिता तो भाबडा वाटतो, आणि तुमचं उत्तरही.

नॅचरल लॉ म्हणजे धर्माचा कायदा, असंही लिहू नका. अक्वायनससाठी तो माणसाच्या विवेकाला कळणारा आहे, नुसत्या धर्मग्रंथातून नाही. आणि नैसर्गिक न्यायाची तत्त्वं, म्हणजे दोन्ही बाजू ऐकणं, स्वतःच्या खटल्यात स्वतः न्यायाधीश न होणं, ही प्रक्रियेची तत्त्वं आहेत. ती पॉझिटिव्हिस्टही मानतो. त्यांना नॅचरल लॉचा पुरावा म्हणून आणलंत की परीक्षक लाल रेघ मारणार.

तिसरी चूक : हार्ट–फुलर वादातला खटला चुकीचा सांगणं

ही चूक माफ करण्यासारखी आहे, कारण ती खुद्द हार्टच्या लेखातून आली आहे.

1944 मध्ये एका जर्मन स्त्रीने सुटीवर आलेला आपला सैनिक नवरा हिटलरविरुद्ध बोलला अशी खबर दिली. त्याला मृत्युदंड सुनावला गेला, पण मारलं नाही, आघाडीवर पाठवलं. युद्धानंतर तिच्यावरच खटला झाला. त्याचा निकाल 1949 मध्ये बामबेर्गच्या कोर्टाने दिला. हार्टने 1958 च्या लेखात लिहिलं की कोर्टाने नाझी कायदा अनैतिक म्हणून रद्दबातल ठरवला. नंतर लक्षात आलं की कोर्टाने तसं केलंच नव्हतं. कायदा अवैध आहे असं न म्हणता, सज्जन माणसाच्या न्यायबुद्धीला धरून नसलेलं कृत्य म्हणून नवऱ्याचं स्वातंत्र्य हिरावण्याबद्दल तिला दोषी धरलं. हार्टकडे खटल्याची माहिती एका इंग्रजी नियतकालिकातल्या चुकीच्या वृत्तांतावरून आली होती.

याने हार्टचा युक्तिवाद पडत नाही. त्याचा मुद्दा असा होता : तिला शिक्षा द्यायचीच असेल तर उघड उघड मागच्या कृत्यालाही लागू होणारा कायदा करा आणि आपण दोन वाईटांतलं एक निवडतोय हे मान्य करा, 'तो कायदा कधी नव्हताच' असं म्हणून सुटू नका. पण खटला लिहिताना निकाल बरोबर लिहा.

जर्मन विधिज्ञ रॅडब्रुखचंही असंच होतं. 1946 मधलं त्याचं सूत्र 'प्रत्येक अन्यायी कायदा रद्द' असं नाही. नियम असा की कायदा अन्यायी असला तरी निश्चितपणासाठी तोच चालतो. न्यायाशी असलेला विरोध असह्य टोकाला गेला, किंवा न्यायाचा प्रयत्नच मुद्दाम सोडून दिला, तरच तो मागे हटतो. तिरंगाबंदी संतापजनक होती, पण त्या टोकाची होती का? माझं मत नाही. म्हणून सोलापूरच्या उदाहरणात रॅडब्रुखला ओढून आणायची गरज नाही, हार्टशी वाद घालणारा फुलर जास्त कामाचा. फुलर कायद्याची आठ तत्त्वं सांगतो : नियम सर्वसाधारण असावेत, जाहीर, स्पष्ट, आपसात न विसंगत, पाळता येण्यासारखे, मागच्या कृत्यांना लागू न होणारे, टिकाऊ, आणि अंमलबजावणी नियमाशी जुळणारी. लष्करी अंमलात लोक कशामुळे पकडले जातील हे कुणाला आधी कळतं का, हा प्रश्न इथे विचारता येतो. ही आठ तत्त्वं म्हणजे कायद्याची 'अंतर्गत नीती', हे फुलरचं म्हणणं हार्टला पटलं नाही. हे तर कार्यक्षमतेचे नियम आहेत, विषप्रयोग करणाऱ्यालाही स्वतःचे नियम असतात, असं त्याचं उत्तर होतं.

चौथी चूक : 'अपरिहार्य' हा शब्द विसरणं

'कायद्यावर नीतीचा प्रभाव पडतो, उदाहरणार्थ बालविवाह प्रतिबंधक कायदा' अशी दोन पानं लिहितात मुलं. कोणता पॉझिटिव्हिस्ट हे नाकारतो? कायदा नीतीतून जन्मतो, नीतीच्या आधारे त्यावर टीका होते, हे सगळं घडू शकतं. प्रश्न हा की कायदा असण्यासाठी नीती लागतेच का. हार्टही सगळे संबंध तोडत नाही. मनुष्य नाजूक आहे, साधनं मर्यादित आहेत, म्हणून हिंसेवर आणि मालमत्तेवर थोडे तरी नियम नसतील तर कुठलीच व्यवस्था टिकणार नाही, असं तो 1961 मध्ये लिहितो. यालाच त्याने नॅचरल लॉचा किमान गाभा म्हटलंय.

इथेच राज्यघटनेची उदाहरणं घसरतात. 2018 मध्ये दंड संहितेतल्या कलम 377 वर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने संवैधानिक नैतिकता, म्हणजे घटनेतल्या मूल्यांची नीती, सांगितली, म्हणून 'नॅचरल लॉ जिंकला' असं लिहितात. पण समतेचं कलम 14 आणि जीविताचं कलम 21 घटनेतच आहेत. नैतिक कसोटी घटनेने आत घेतली असेल तर ती वापरणं हे घटनेमुळे होतं, अपरिहार्यतेमुळे नव्हे. काही पॉझिटिव्हिस्ट हे सहज मान्य करतात, काही म्हणतात की कोर्ट तिथे कायदा शोधत नाही, नवा घडवतं. हा वाद पॉझिटिव्हिझमच्या घरातलाच आहे.

एडीएम जबलपूर खटल्याचंही तेच. आणीबाणीत 1976 साली चार न्यायाधीशांनी स्थानबद्धांना दाद नाकारली, न्यायमूर्ती खन्नांनी एकट्यांनी विरोध केला. बहुमत म्हणजे पॉझिटिव्हिस्ट आणि खन्ना म्हणजे नॅचरल लॉ, ही वाटणी सोयीची आहे, पण कच्ची. खन्नांच्या निकालात उच्च मूल्यांची भाषा आहे, मात्र त्यांचा भार यावर आहे की कलम 21 हा जीवित-स्वातंत्र्याचा एकमेव आधार नाही आणि घटनेआधीही कायद्याच्या अधिकाराविना कुणाचं स्वातंत्र्य घेता येत नव्हतं. हा उगम शोधणारा युक्तिवाद आहे. एखाद्या पॉझिटिव्हिस्टने बहुमताला 'तुम्ही कायदा चुकीचा वाचलात' एवढंच म्हटलं असतं. 2017 मध्ये खासगीपणाच्या हक्कावरच्या पुट्टास्वामी निकालाने जबलपूर रद्द केला तेव्हा मात्र जीवित आणि स्वातंत्र्य हे अधिकार राज्याने बहाल केलेले नाहीत, अशी भाषा आली. नॅचरल लॉचं उदाहरण हवं असेल तर तिथून उचला, आणि न्यायाधीशाचं नाव घेऊनच.