टेम्पोची फेरी ‘गार’ करण्याआधी काय काय तयार ठेवायचं

टेम्पोची सगळ्यात लहान फेरी सिम्युलेटेड ॲनिलिंगने, म्हणजे सावकाश ‘गार’ करत, शोधायची तर सगळ्यात आधी हवा अंतरांचा तक्ता, आणि तो रस्त्याच्या अंतरांचा. नकाशावर पट्टी ठेवून मोजाल तर फसाल. यावल आणि चोपडा तापीच्या उत्तरेला, भुसावळ, धरणगाव, अमळनेर दक्षिणेला. टेम्पोला पूल लागतो, सरळ रेघ नाही. आपली गाडी जळगावच्या गोडाउनातून ठिबकचे फिटिंग भरून निघते, या पाच गावांना माल टाकते आणि रात्री गोडाउनात परत येते. पुढचे किलोमीटर मी हिशेबासाठी पाचाच्या पटीत बसवलेत, तेव्हा रस्त्यावरच्या पाटीशी ताडून पाहू नका. जळगावपासून भुसावळ २५, धरणगाव ३०, यावल ४०, चोपडा ५०, अमळनेर ५५. भुसावळहून यावल २०, धरणगाव ५५, चोपडा ६५, अमळनेर ८०. यावलहून चोपडा ४५, धरणगाव ६५, अमळनेर ८०. उरले तीन आकडे: चोपडा-अमळनेर ३५, चोपडा-धरणगाव ३०, अमळनेर-धरणगाव २५.

आता हातात एक सुरुवातीची फेरी हवी. ड्रायव्हरच्या सवयीची असली तरी चालेल. आमची अशी होती: भुसावळ, यावल, धरणगाव, अमळनेर, चोपडा आणि घरी. बेरीज करा: २५, २०, ६५, २५, ३५, ५०, म्हणजे २२० किलोमीटर.

मग बदल कसा करायचा ते एकदा ठरवून टाका. लागोपाठची दोन गावं अदलाबदल करायची, एवढंच. पाच गावांत अशा चार जोड्या होतात. चारही करून पाहिल्या. यावल आधी घेतलं तर २२५. यावल-धरणगाव बदललं तर थेट ३१०, कारण गाडी तापी ओलांडून इकडून तिकडे भटकते. उरलेल्या दोन्ही बदलांना २३०. म्हणजे ‘कमी झालं तरच घ्यायचं’ असा कडक नियम लावला तर २२० वरून हलताच येत नाही. पण १८० ची फेरी अस्तित्वात आहे: भुसावळ, यावल, चोपडा, अमळनेर, धरणगाव. तिथे पोचायला आधी २३० सोसावे लागतात.

हे सोसणं कधी मान्य करायचं, याचा नियम म्हणजे सिम्युलेटेड ॲनिलिंग. लोहार लाल झालेलं लोखंड पाण्यात बुडवतो तेव्हा ते कडक आणि ठिसूळ होतं, राखेत पुरून सावकाश निवू दिलं की नरम पडतं. ॲनिलिंग म्हणजे हे दुसरं. कर्कपॅट्रिक, जेलाट आणि वेची यांनी १९८३ साली ही कल्पना अशा जुळवाजुळवीच्या प्रश्नांना लावली. स्वीकाराचा नियम मात्र १९५३ पासूनचा, मेट्रोपोलिस आणि सहकाऱ्यांचा. नियम छोटा आहे. फेरी सुधारली तर बदल घ्या. बिघडली तर बिघाड d ला तापमान T ने, म्हणजे आपणच ठरवून हळूहळू उतरवत नेलेल्या एका आकड्याने, भागा, `exp(-d/T)` काढा, आणि शून्य ते एकमधला रँडम आकडा त्यापेक्षा लहान आला तरच घ्या.

```python
d = nava - chalu
if d <= 0 or random.random() < math.exp(-d / T):
    marg, chalu = nava_marg, nava
```

हे कोड चालवण्याआधी चारदोन आकडे कागदावर काढून ठेवा, मला त्याचा फार उपयोग झाला. तापमान २० असताना १० किलोमीटरचा बिघाड ०.६१ शक्यतेने मान्य होतो, ९० चा फक्त ०.०११. म्हणजे थोडा वळसा चालतो, वेडा वळसा जवळजवळ नाही. तापमान ५ वर आलं की १० चा बिघाड ०.१४ वर येतो, आणि २ वर ०.००७.

हा नियम एकदा चालवून बघू. कोणती जोडी बदलायची ते दरवेळी चिठ्ठी टाकून ठरतं. तापमान २०, आपण २२० वर. चिठ्ठीत अमळनेर-चोपडा बदल निघाला, नवी बेरीज २३०. रँडम आकडा ०.४२, तो ०.६१ पेक्षा लहान, म्हणून घेतला. आता क्रम भुसावळ, यावल, धरणगाव, चोपडा, अमळनेर. इथून उताराच्या वाटा दोन: एक मागे २२० ला, दुसरी धरणगाव-चोपडा बदलून २०० ला. दुसरी निघाली. मग धरणगाव-अमळनेर बदललं आणि १८० वर आलो. चिठ्ठी उलटी निघाली असती तर मागे गेलो असतो आणि पुन्हा प्रयत्न करावा लागला असता, म्हणून एकेका तापमानावर एकच नाही, निदान दहा प्रयत्न द्या.

सुरुवातीचं तापमान अंदाजाने ठेवू नका. काही बदल करून बिघाडांची सरासरी काढा. आपल्याकडे ५, ९०, १०, १०, सरासरी सुमारे २९. तेवढा बिघाड अर्ध्या वेळा मान्य व्हावा असं वाटत असेल तर सरासरीला ०.६९३ ने भागा, ४१ च्या आसपास येतं. मी ४० घेतो. दर टप्प्याला ०.९ ने गुणत गेलं की १ पर्यंत यायला ३५ टप्पे लागतात, म्हणजे साडेतीनशे प्रयत्न. ०.५ ने गुणलं तर सहाव्या टप्प्यातच गाडी १ च्या खाली, म्हणजे लोखंड पाण्यात. त्यात २२० वरच गोठण्याची भीती जास्त: तापमान २ ला त्या एका ठरावीक २३० वर जायची शक्यता चार जोड्यांपैकी एक गुणिले ०.००७, म्हणजे साधारण सहाशे प्रयत्नांत एकदा. उलट १८० वरून बाहेर पडायचा सगळ्यात स्वस्त रस्ता २० किलोमीटरचा. तापमान ७ च्या आसपास १० चा चढ ०.२४ ने पार होतो आणि २० चा ०.०६ ने, खरं काम याच पट्ट्यात होतं, तेव्हा घाई करायची तर इथे नको.

एक वही वेगळी ठेवा, आतापर्यंतच्या सगळ्यात चांगल्या फेरीची. गरम असताना गाडी १८० वर येऊन परतही जाऊ शकते. तापमान २० असताना तो २० किलोमीटरचा चढ ०.३७ शक्यतेने मान्य होतो. शेवटी हातात जे उरेल ते उत्तर समजलात तर चांगली फेरी हरवेल.

दर टप्प्यात किती बिघाड मान्य झाले तेही छापा. माझी पहिली फजिती यानेच सापडली. तक्ता मीटरमध्ये होता आणि तापमान ४०. दहा किलोमीटरचा चढ म्हणजे दहा हजार मीटर, `exp(-250)`, व्यवहारात शून्य. पहिल्या टप्प्यापासून मान्यता शून्य, फेरी दरवेळी २२०, आणि मी मात्र थंड करण्याचा वेग बदलत बसलो होतो. तापमानाचं एकक आणि अंतराचं एकक एकच हवं. किलोमीटरऐवजी मिनिटं धरलीत तर ४० चा आकडाही पुन्हा काढावा लागेल.

आणि हो, पाच गावांच्या फेऱ्या उलटसुलट एकच धरल्या तर साठच होतात. त्या सगळ्या मोजून काढणं सोपं, आणि मी तसं तपासूनच १८० ला सगळ्यात लहान म्हणतोय. पंधरा गावं झाली की हा आकडा पासष्ट हजार कोटींच्या पुढे जातो, तिथे या खटाटोपाला अर्थ आहे. तिथे मिळालेली फेरी सगळ्यात लहान आहे याची खात्री मात्र मिळत नाही. वेगवेगळ्या रँडम बीजांनी पाचसहा वेळा चालवा आणि उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते पाहा.

छापून ड्रायव्हरच्या हातात द्यायच्या आधी दिशा बघून घ्या. आमच्या कागदावर धरणगाव पहिलं आलं आणि ड्रायव्हर म्हणाला, “भाऊ, आसं उलटं काबरं?” भुसावळचा माल मागच्या फाळक्याजवळ रचलेला होता. हिशेबाला दोन्ही बाजूंनी १८० च, म्हणून कागद खालून वर वाचायला सांगितला.