दारात ड्युटी मागितली तर: पार्सल येण्याआधीची तयारी

परदेशातून कुरिअर निघालं असा मेसेज आला की घरी पहिला प्रश्न येतो, "कस्टम्स किती लागेल?" त्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. पुण्यात येणारं पार्सल बहुतेक वेळा मुंबईला विमानतळावरच्या कुरिअर टर्मिनलमध्ये कस्टम्समधून सुटतं, कधीकधी दिल्ली किंवा बेंगळुरूला. तिथे ड्युटी भरल्याशिवाय ते हलतच नाही. ती सहसा कुरिअर कंपनी तुमच्या वतीने आधी भरते आणि मग तुमच्याकडून वसूल करते. म्हणजे कोथरूडच्या दारात उभा असलेला मुलगा कस्टम्सचा माणूस नसतो, कंपनीची उधारी वसूल करायला आलेला असतो. त्याच्याशी ड्युटीवरून हुज्जत घालून काही उपयोग नाही. कंपनीच्या स्वतःच्या फीबद्दल मात्र विचारायचा पूर्ण हक्क आहे.

म्हणून तयारी पाठवणाऱ्यापासून सुरू होते. पार्सल बुक करताना ड्युटी कोण भरणार हे फॉर्मवर विचारतात, पाठवणारा की घेणारा. काहीच सांगितलं नाही तर बिल सहसा घेणाऱ्याच्या गळ्यात पडतं. फोनवर हे आधीच ठरवून घ्या. पाठवणाऱ्याला वस्तूची खरेदीची पावतीही जोडायला सांगा. "गिफ्ट" लिहिलं की ड्युटी माफ, हा समज अजून घट्ट आहे. डिसेंबर 2019 पासून भेट म्हणून माफी मिळते ती फक्त राखी आणि जीवरक्षक औषधं यांना, आणि राखीसोबत पाठवलेल्या भेटवस्तूलाही नाही. बाकी भेट खुशाल येऊ द्या, पण ड्युटी भरून. किंमत मुद्दाम कमी लिहायला तर अजिबात सांगू नका. अधिकाऱ्याला शंका आली की तो स्वतः किंमत ठरवतो, आणि पार्सल तिथेच अडकून पडतं.

पुढचं काम केवायसीचं. कुरिअर कंपनी ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा मागते, आणि ती मागणी खरीच असते. पण मेसेजमधल्या लिंकवर आधार कार्ड टाकू नका. कंपनीची साइट स्वतः टाइप करून उघडा, तिथे पाठवणाऱ्याने दिलेला वेबिल नंबर, म्हणजे पार्सलचा ट्रॅकिंग नंबर, घाला आणि मागणी दिसली तरच कागद चढवा. पार्सलवर आईचं नाव असेल तर कागदही आईचेच लागतात. ही बारीक गोष्ट निसटते आणि पार्सल मुंबईत बसून राहतं.

आता आकडा. दारात "पाच हजार दोनशे अकरा" ऐकल्यावर दचकायचं नसेल तर अंदाज आधी कागदावर मांडून ठेवा. समजा, स्टुटगार्टहून भावाने 120 युरोचं कॉफी दळायचं यंत्र पाठवलं. हिशेबाला सोपं म्हणून 100 रुपयांचा युरो धरू, म्हणजे 12,000 रुपये. ड्युटी नुसत्या वस्तूवर नसते, भाडं आणि विमाही त्यात धरतात. भावाने कुरिअरला 45 युरो मोजले असले, तरी विमानाने आलेल्या मालाचं भाडं वस्तूच्या किमतीच्या 20 टक्क्यांपर्यंतच धरायचं असा नियम आहे. म्हणून 4,500 नाही, 2,400 धरायचे. विम्याचा खर्च कुठे नमूद नसेल तर 1.125 टक्के, म्हणजे 135. ड्युटी बसते ती 14,535 वर.

समजा बिलावर मूळ ड्युटी 10 टक्के, त्या ड्युटीवर 10 टक्के समाजकल्याण अधिभार आणि आयात मालावर लागणारा जीएसटी, म्हणजे आयजीएसटी, 18 टक्के असे दर छापलेत. मूळ ड्युटी 1,454, अधिभार 145. आयजीएसटी या सगळ्यांच्या बेरजेवर, 16,134 वर, म्हणजे 2,904. सरकारचे झाले 4,503. पैसे आधी भरल्याबद्दल कंपनीची फी 600 असेल तर तिच्यावर 18 टक्के जीएसटी, एकूण 708. दोन्ही मिळून 5,211. दर अर्थसंकल्पात बदलतात, त्यामुळे वरचे टक्के पाठ करू नका. तुमच्या बिलावरचे दर घालून हीच पद्धत वापरा. मागितलेली रक्कम या रचनेत बसत नसेल, किंवा एकदम गोल 5,500 असेल, तर तिथेच थांबून विचारा.

विचारायचं काय, तर दोन कागद. एक कस्टम्सचं बिल ऑफ एंट्री, म्हणजे मालाची किंमत आणि त्यावर लागलेली ड्युटी दाखवणारा कागद. एक लाखापर्यंतच्या ड्युटीपात्र मालासाठी त्यावर बहुधा CBE-XIII असं लिहिलेलं असतं. दुसरं कंपनीच्या फीचं टॅक्स इनव्हॉइस, त्यावर कंपनीचा जीएसटी नंबर हवा. दोन्हींवर घेणाऱ्याचं नाव आणि तुमचाच वेबिल नंबर आहे ना, हे बघा. डिलिव्हरीवाल्याकडे छापील प्रती नसतील तर कंपनीच्या साइटवर किंवा मेलवर मिळायला हव्यात. नुसत्या चिठ्ठीवर "कस्टम चार्ज" लिहिलेलं असेल तर पैसे देऊ नका. तो मुलगा घाईत असतो, त्याला अजून चाळीस पार्सलं टाकायची असतात. "उद्या आणा, तोवर मी कंपनीत विचारतो," म्हटलं की तो फारसं वाद घालत नाही.

क्यूआर दाखवला तर स्कॅन केल्यावर येणारं नाव वाचा. कंपनीचं नाव आलं तर ठीक. कुणा व्यक्तीचं आलं तर फोन खिशात घाला. रोख दिलीच तर पावती तिथल्या तिथे.

घरी दुपारी फक्त आई किंवा सासरे असतात, अशा घरात हे सगळं एका कागदावर लिहून दाराजवळ लावा: कुणाचं पार्सल, कुठून, वेबिलचे शेवटचे चार आकडे, अंदाजे रक्कम आणि कुणाला फोन करायचा. वॉचमनलाही सांगून ठेवा की आमच्या नावाने पैसे भरून पार्सल ठेवून घेऊ नका. सोसायटीत चांगुलपणाने असं केलं जातं, आणि पैसे चुकीचे गेले असतील तर ते नंतर परत कुणाकडून मागायचे, असा अवघड प्रसंग उभा राहतो.

"कस्टम्समधून बोलतोय, तुमच्या पार्सलमध्ये आक्षेपार्ह वस्तू सापडली, ताबडतोब पैसे भरा," असा फोन आला तर तो ठेवून द्या. कस्टम्स कुणाच्या खासगी खात्यात पैसे मागत नाही, आणि तिथून येणाऱ्या अधिकृत पत्रावर डीआयएन नावाचा ओळख क्रमांक असतो, तो cbic.gov.in वर तपासता येतो. पैसे गेलेच असतील तर वेळ न दवडता 1930 वर फोन करा.

ड्युटीच चुकीची लागली असं वाटलं, उदाहरणार्थ किंमत 120 ऐवजी 210 युरो धरली, तर दोन वाटा आहेत. पार्सल नाकारलं तर ते परत जाईल किंवा पडून राहील, आणि परतीचा खर्च बहुधा पाठवणाऱ्यावर येईल. घेतलं, तर बिल ऑफ एंट्री आणि भावाची खरेदीची पावती जपून ठेवा. चूक कंपनीने टाइप करताना झाली असेल तर आधी तिच्याकडेच लेखी दुरुस्ती मागा. आकारणीविरुद्ध अपील करायचं तर कस्टम्स कायद्याच्या कलम 128 खाली आयुक्त अपील यांच्याकडे 60 दिवसांत करता येतं, त्यामुळे कंपनीच्या उत्तराची वाट बघत हे दिवस घालवू नका. हजार-दीड हजारासाठी मी स्वतः त्या वाटेला जाणार नाही. वीस हजारांचा फरक असेल तर नक्की जाईन.