फुटेज पिवळट आणि काळपट दिसतंय? या चुका टाळा

पिवळट फुटेज दिसलं की बरेच जण थेट एखादा सिनेमॅटिक LUT, म्हणजे रंग बदलणारी तयार फाइल, टाकतात. मग चेहरा नारिंगी होतो, केस काळ्या डागासारखे दिसतात आणि दोष LUT ला दिला जातो. खरी चूक क्रमाची आहे. कलर करेक्शन म्हणजे शूटिंगमध्ये झालेली चूक सुधारणं: पांढरं पांढरं दिसावं, चेहऱ्यावर पुरेसा उजेड असावा, एक शॉट दुसऱ्याशी जुळावा. ग्रेडिंग त्यानंतर येतं आणि त्यात दृश्याचा मूड ठरतो. तयार LUT नीट एक्स्पोज झालेलं, बॅलन्स्ड चित्र गृहीत धरूनच बनवलेला असतो. त्यामुळे वाकड्या चित्रावर तो टाकला की वाकडेपणा आणखी उठून दिसतो.

कशालाही हात लावण्याआधी एक गोष्ट तपासा. कॉम्प्युटरचा नाइट लाइट चालू नाही ना? तो चालू असेल तर चांगलं फुटेजही पिवळं दिसतं, तुम्ही त्यात निळा भरता आणि दुसऱ्याच्या स्क्रीनवर माणसं आजारी दिसतात. शिवाय डोळा फसवाच. पाच मिनिटं पिवळ्या चित्राकडे पाहिलं की त्याला तेच पांढरं वाटू लागतं. म्हणून उजेड आणि रंग मोजून दाखवणारे आलेख, म्हणजे स्कोप, उघडे ठेवायचे.

आता एक नमुना घेऊ. खोलीत 3200 केल्विनच्या आसपासचे पिवळे दिवे, कॅमेऱ्याचं व्हाइट बॅलन्स मात्र दिवसाच्या उजेडासाठीच्या 5600 वर राहिलेलं, आणि शॉट अंडरएक्स्पोज. बोलणाऱ्याच्या अंगात पांढरा शर्ट आहे. दाविंची रिझॉल्व्हमध्ये स्कोपची पट्टी 0 ते 1023 अशी असते. उजेड दाखवणाऱ्या वेव्हफॉर्म स्कोपवर चेहरा 300 च्या आत अडकलाय.

आधी उजेड. इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे Lift वर ढकलणं. Lift काळ्या भागाला सर्वाधिक उचलतो, त्यामुळे चित्र उजळण्याऐवजी धुरकट होतं आणि सावलीतला नॉइज वर येतो. चेहरा असतो मधल्या टोनमध्ये, म्हणून Gamma वाढवा. चेहरा साधारण 400 ते 650 च्या दरम्यान आला की थांबा. वर्ण सावळा असेल तर खालच्या टोकाशी राहू द्या, उगाच गोरं करू नका. काळे केस करडे वाटू लागले तर Lift किंचित खाली घ्या.

मग पिवळेपणा. हे काम दुसऱ्या नोडवर, म्हणजे करेक्शनच्या वेगळ्या टप्प्यावर, करा (Alt+S). लाल, हिरवा आणि निळा वेगवेगळे दाखवणारा Parade स्कोप उघडून शर्टाचा पट्टा पाहा. समजा लाल 800, हिरवा 690 आणि निळा 470 वर आहे. म्हणजे पिवळेपणाचं मुख्य कारण निळ्याची कमतरता, आणि लाल थोडा जास्त. Lum Mix 0 करा, नाहीतर एक चॅनल हलवताना बाकीचेही सरकतात. आता उजळ भाग सर्वाधिक हलवणाऱ्या Gain मध्ये निळा सुमारे 1.47 आणि लाल 0.86 केला की तिन्ही 690 च्या जवळ येतात. शर्ट जुळल्यावर पट्ट्याच्या तळाशीही नजर टाका. केस निळसर झाले असतील तर Lift मधला निळा जरा कमी करा.

नुसता Temp सरकवून भागत नाही का? थोड्या फरकासाठी भागतं. पण काही दिव्यांत पिवळ्यासोबत हिरवी झाकही असते आणि ती Temp ने जात नाही. त्यासाठी Tint मॅजेंटाकडे न्यावा लागतो.

निळा जवळपास दीडपट केला म्हणजे त्यातला नॉइजही दीडपट झाला, तोही आधीच काळोख्या शॉटमध्ये. 8 बिट फुटेजच्या सावलीत रंगीत ठिपके वळवळताना दिसतील. Lum Vs Sat कर्व्हचं डावं टोक खाली ओढलं की तिथला रंग उतरतो आणि ठिपके बरेच दबतात. लाल चॅनल 1023 ला आपटून सपाट झाला असेल, तर मात्र चेहऱ्यावरचा तेवढा तपशील गेला तो गेलाच.

खिडकीतून दिवसाचा उजेडही येत असेल तर अख्ख्या फ्रेमला एकच बॅलन्स लावू नका. चेहरा सुधारला की खिडकी निळीशार होते. चेहऱ्याच्या बाजूने करेक्शन करा आणि खिडकीवर वेगळी Power Window, म्हणजे तेवढाच भाग निवडणारा आकार, काढून तिथलं सॅच्युरेशन उतरवा.

शेवटी रंगछटा दाखवणाऱ्या व्हेक्टरस्कोपवर स्किन टोनची रेघ चालू करा. चेहऱ्याचा रंग त्या रेघेच्या आसपास पडला की करेक्शन झालं. LUT किंवा मूड आता, तिसऱ्या नोडवर. दृश्य रात्रीचं, दिव्याच्या उजेडातलं असेल तर काढलेला पिवळेपणा थोडा इथे परत घाला. फरक एवढाच, की आता तो Ctrl+D ने बंद करून पाहता येतो आणि पुढच्या शॉटमध्येही तेवढाच घालता येतो.