गुरू-चांडाळ योग : फळ सांगताना या चुका टाळा

गिरगावात माझ्यासमोर जी मंडळी पत्रिका घेऊन बसतात, त्यांतील अनेकांना मोबाइलवरील अ‍ॅपने आधीच घाबरवलेले असते. गुरू आणि राहू एका राशीत आले की अ‍ॅप "गुरू-चांडाळ दोष" असे लाल अक्षरांत लिहिते आणि तेथेच थांबते. हे दोन ग्रह साधारण सात वर्षांनी एकत्र येतात आणि पुढे कित्येक महिने एकाच राशीत राहतात. अलीकडे मेष राशीत ही युती २२ एप्रिल ते ३० ऑक्टोबर २०२३ या काळात होती. या सहा महिन्यांत जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या पत्रिकेत हा योग आहे. एवढ्या सगळ्यांचे फळ एकसारखे असणार नाही, हे उघड आहे.

पहिली आणि मला सर्वाधिक खटकणारी चूक म्हणजे राशी-अंश पाहून निकाल देणे आणि दशा, म्हणजे आयुष्याच्या त्या त्या काळावर कोणत्या ग्रहाचा अंमल आहे, हे न पाहणे. लालबागच्या एका कुटुंबातील दोन चुलत भावंडांची उदाहरणे सांगतो. दोघांच्या पत्रिकांत मकर राशीत गुरू-राहू आहेत आणि मकर ही गुरूची नीच राशी, म्हणजे तेथे तो सर्वांत दुर्बल मानला जातो.

थोरला १४ डिसेंबर २००८ च्या सकाळी जन्मला, धनू लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला धनू राशी उगवत होती. गुरू मकरेच्या पहिल्या अंशाच्या आसपास आणि राहू अठराव्या अंशाच्या जवळपास, म्हणजे दोघांत सोळा-सतरा अंशांचे अंतर. धाकटी १० फेब्रुवारी २००९ च्या पहाटे जन्मली, वृश्चिक लग्न. तिच्या पत्रिकेत गुरू आणि राहू चौदा-पंधरा अंशांवर अगदी लगटून बसले आहेत. माझ्याकडे दोन महिने शिकून स्वतःला ज्योतिषी म्हणवणाऱ्या एका विद्यार्थ्याने अंश जवळ आहेत एवढेच पाहून धाकटीचा दोष भयंकर ठरवला आणि थोरल्याचा नाममात्र. घरच्यांनी त्याच्या सांगण्यावरून धाकटीसाठी हजारो रुपये खर्चून शांती केली आणि थोरल्याच्या पत्रिकेकडे कोणी पाहिलेही नाही.

आता दशा पाहा. जन्मावेळी चंद्र ज्या नक्षत्रात असतो त्यावरून पहिली महादशा ठरते. थोरल्याचा चंद्र आर्द्रा नक्षत्राच्या उत्तरार्धात आहे, त्यामुळे जन्मतःच राहूची महादशा होती आणि तिची दोन-अडीच वर्षेच उरली होती. त्यानंतर सोळा वर्षे गुरूची, म्हणजे त्याचे सारे शालेय शिक्षण युतीतील ग्रहाच्याच अमलाखाली गेले. गुरू त्याचा लग्नेश, म्हणजे लग्नराशीचा स्वामीही आहे. या महादशेची अखेरची अंतर्दशा, म्हणजे तिच्यातील पोटकाळ, राहूची असते, ती दोन वर्षे चार महिने चोवीस दिवस चालते आणि त्याच्या वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास सुरू झाली. अकरावीत त्याने दोन क्लास सोडले, शाखा बदलली, आणि ज्या शिक्षकांना तो मानत होता त्यांच्याशीच वाद घातला. धाकटीचा चंद्र मघेच्या आरंभी आहे. केतू, शुक्र, रवी, चंद्र आणि मंगळ यांच्या महादशा संपून राहूची येईपर्यंत ती पन्नाशीला पोहोचलेली असेल. सध्याच्या शुक्र महादशेतील राहू-गुरूच्या अंतर्दशांचा प्रभाव असतो, परंतु तो थोरल्याएवढा मुळाशी जाणारा नाही. शिवाय तिचा योग तृतीय स्थानी आहे, जेथे राहू सहसा बलवान मानला जातो, आणि त्याच मकर राशीत तिचा लग्नेश मंगळ उच्चीचा, म्हणजे सर्वांत बलवान आहे. ज्या पत्रिकेची काळजी करायला हवी होती तिच्याऐवजी दुसरीवर पैसा गेला.

अंश लिहून काढल्याशिवाय मी युतीवर बोलत नाही. कागदावर गुरूचे अंश, राहूचे अंश, मग लग्न, गुरू कोणत्या स्थानांचा स्वामी आणि चालू दशा, एवढे मांडले की अर्धी भीती तेथेच विरते. मात्र अंशांचे अंतर ही युतीची तीव्रता दाखवणारी खूण आहे, फळाची वेळ नव्हे, हे वरील उदाहरणावरून लक्षात येईल. गुरूचे स्वामित्वही लग्नागणिक बदलते : मीन लग्नाला तो लग्नेश व दशमेश, तूळ लग्नाला तृतीय व षष्ठ स्थानांचा स्वामी. एकाच युतीचे फळ या दोघांना सारखे कसे लावणार?

काही छोट्या चुका. राहूचे मध्यम, म्हणजे सरासरी गतीने काढलेले, आणि स्पष्ट, म्हणजे प्रत्यक्ष स्थितीचे, असे दोन अंश मिळतात व त्यांत सुमारे दीड अंशापर्यंत फरक पडू शकतो. राशीच्या सीमेवरील जन्म असेल तर कोणता घेतला आहे ते आधी पाहावे. जन्मवेळ अंदाजे असेल तर लग्न निश्चित झाल्याशिवाय स्थानाचे फळ सांगू नये. गोचरीतील, म्हणजे सध्या आकाशात चाललेली युती आणि जन्मपत्रिकेतील युती एक समजू नये. आणि दशेचा उल्लेख न करता कोणी तुम्हाला शांतीचा खर्च सांगू लागला, तर आधी त्याच्याकडून चालू महादशा आणि अंतर्दशा लिहून घ्या.