पैसे जमा होते, मेल स्पॅममध्ये होता: थकीत बिलाची तक्रार करण्यापूर्वी या चुका टाळा

२०२४ च्या जुलै महिन्यात मी मुंबईतील एका कंपनीसाठी प्रशिक्षण पुस्तिकांचा मराठी अनुवाद केला आणि त्याची दोन बिले पाठवली. पहिले बिल ३६,००० रुपयांचे होते आणि आठवड्याने पाठवलेले दुसरे २२,५०० रुपयांचे. मुदत तीस दिवसांची होती. ऑगस्ट संपला तरी बँकेचा संदेश आला नाही, म्हणून २ सप्टेंबरला मी कंपनीतील समन्वयक बाईंना सौम्य शब्दांत आठवण केली. त्यांनी “अकाउंट्सकडे पाठवते” असे लगेच कळवले आणि त्यानंतर शांतता पसरली. १० तारखेच्या मेलमध्ये माझा सूर जरा चढला. १७ तारखेला, म्हणजे अनंत चतुर्दशीच्या दिवशी, घरच्या गणपतीचे विसर्जन करून आल्यावर मी जो तिसरा मेल लिहिला, तो आज वाचवत नाही. “वारंवार विचारूनही उत्तर देण्याचे सौजन्य दाखवले जात नाही, त्यामुळे पुढील काम थांबवत आहे” असे त्यात लिहिले होते आणि प्रत त्यांच्या वरिष्ठांनाही पाठवली होती.

दोन दिवसांनी बाईंचा फोन आला. आवाज शांत होता. त्या म्हणाल्या, “अकाउंट्सवाले म्हणतात, पैसे २७ ऑगस्टलाच गेले आहेत आणि त्यांनी तुम्हाला दोनदा उत्तरही दिले आहे. तुम्ही एकदा स्पॅम बघता का?”

मी पाहिले. पैसे पाठवल्याची सूचना देणारा मेल २७ ऑगस्टपासून तिथे पडून होता. त्याच्या वर ४ आणि ११ सप्टेंबरची दोन उत्तरे होती आणि दोन्हींत “२७ तारखेची सूचना पाहावी” एवढेच लिहिलेले होते. मला जे मौन वाटत होते, ते मौन नव्हतेच. मी समन्वयक बाईंना लिहीत होते, त्या अकाउंट्सकडे पाठवत होत्या आणि अकाउंट्सची उत्तरे वेगळ्या पत्त्यावरून निघून माझ्या स्पॅममध्ये जात होती. जीमेल स्पॅममधील मेल तीस दिवसांनी आपोआप कायमचे पुसून टाकते. तो फोन आणखी आठवडाभर उशिरा आला असता, तर पहिला मेल सापडलाच नसता.

शोधले, सापडले नाही, म्हणजे आले नाही

या प्रकरणातील माझी सर्वांत महागडी चूक हीच होती. मी आळस केला नव्हता. तक्रार करण्यापूर्वी फोनवरील जीमेलमध्ये कंपनीचे नाव टाकून शोधले होते, बाईंचे जुने मेल दिसले, पैशांबद्दलचा एकही दिसला नाही आणि मी निष्कर्ष काढून मोकळी झाले. जीमेलचा साधा शोध स्पॅम आणि ट्रॅश हे दोन कप्पे वगळून चालतो, हे मला ठाऊक नव्हते. संगणकावर शोध घेतला, तर अशा कप्प्यांतही जुळणारे मेल आहेत असे सांगणारी एक बारीक ओळ निकालांच्या शेवटी येते, पण तिथपर्यंत कोण जातो! सगळीकडे शोधायचे असेल, तर ते स्पष्ट सांगावे लागते:

```
in:anywhere from:example.com
in:spam (payment OR invoice OR remittance)
```

यातील `example.com` च्या जागी ग्राहक कंपनीच्या मेल पत्त्यातील @ नंतरचा भाग टाकायचा. कंपनीच्या नावाऐवजी हा भाग शोधणे अधिक भरवशाचे असते, कारण अकाउंट्सच्या मेलमध्ये पाठवणाऱ्याचे नाव अनेकदा कुठल्या तरी सॉफ्टवेअरचे किंवा मूळ समूहाचे असते. ज्यांचे मेल पीओपी पद्धतीने संगणकावरील दुसऱ्या प्रोग्राममध्ये उतरतात, त्यांनी तर ब्राउझरमध्ये जाऊनच पाहावे, कारण त्या पद्धतीत जीमेलचा स्पॅमचा कप्पा खाली उतरतच नाही.

मेल सापडताच त्यावर विश्वास ठेवणे

मेल सापडल्याच्या आनंदात मी त्याला जोडलेली फाइल उघडणार होते, पण थांबले ते बरे झाले. “पेमेंट ॲडव्हाइस” अशा विषयाचे बनावट मेल भरपूर फिरतात आणि स्पॅमचा कप्पा नेमका त्यांच्यासाठीच असतो. खरा मेल आणि खोटा मेल तिथे शेजारी शेजारी बसलेले असतात. फाइल न उघडता करता येण्याजोगी एक तपासणी आहे. संगणकावर मेल उघडून उजवीकडच्या तीन टिंबांवर जावे आणि `Show original` निवडावे. वर एक छोटा तक्ता येतो, त्यात `SPF`, `DKIM` आणि `DMARC` यांचे निकाल असतात. पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता दादरचा आणि टपालाचा शिक्का भलत्याच गावाचा असावा, तसा काही प्रकार आहे का, हे या तपासण्या पाहतात.

माझ्या मेलमध्ये `SPF` समोर `SOFTFAIL` होते आणि `DKIM` ची ओळच नव्हती. कारण पुढे समजले. कंपनीने अकाउंट्ससाठी नवे सॉफ्टवेअर घेतले होते, ते कंपनीच्या नावाने पण स्वतःच्या सर्व्हरवरून मेल पाठवत होते आणि त्या सर्व्हरला तशी परवानगी असल्याची नोंद कंपनीच्या डोमेनमध्ये कोणी केली नव्हती. त्यात विषयाची ओळ पूर्ण मोठ्या लिपीत आणि सोबत पासवर्ड लावलेली फाइल. स्पॅमच्या चाळणीने माझ्यावर राग धरला नव्हता, तिच्या दृष्टीने तो मेल खरोखरच संशयास्पद होता. म्हणून हा तक्ता मेल खरा असल्याचा पुरावा ठरत नाही आणि नापास झालेला मेल खोटाच असतो असेही नाही.

निर्णय लागतो तो बँकेच्या नोंदीत. मेलच्या मजकुरात यूटीआर क्रमांक दिलेला होता. एनईएफटीचा यूटीआर सोळा अक्षरांचा असतो आणि तोच क्रमांक पाठवणाऱ्याच्या व घेणाऱ्याच्या, दोघांच्याही बँकेत माग काढायला चालतो. क्रमांक मिळाला की फाइल उघडण्याची गरजच उरत नाही. तो घेऊन मी खात्याचा उतारा पाहिला आणि पुन्हा कोड्यात पडले, कारण तिथे तो नव्हता.

चुकीची रक्कम आणि चुकीचे खाते पाहणे

मेलमध्ये खात्याचे शेवटचे चार अंक दिलेले होते आणि ते माझ्या दुसऱ्याच, जवळजवळ विसरलेल्या बचत खात्याचे होते. दोन वर्षांपूर्वी या कंपनीकडे पहिल्यांदा नाव नोंदवताना भरलेल्या अर्जात मी ते दिले होते. नंतर खाते बदलले आणि प्रत्येक बिलाच्या तळाशी नवा क्रमांक छापत राहिले. मोठ्या कंपन्यांत पैसे बिलावरचा खाते क्रमांक वाचून पाठवले जात नाहीत, नोंदणीच्या वेळी त्यांच्या प्रणालीत जे खाते चढवले असेल त्यावरच ते जातात. बिलावर नवा क्रमांक छापणे म्हणजे कळवणे, असा माझा भाबडा समज होता. त्या जुन्या खात्याचे संदेश मी केव्हाच बंद केलेल्या सिमवर जात होते आणि नेट बँकिंगचा पासवर्ड कालबाह्य झाला होता.

शेवटी शाखेत जाऊन पासबुक छापून घेतले. यंत्रातून कर्रकर्र करत बाहेर आलेल्या पानावर २७ ऑगस्टची एक ओळ होती: एनईएफटी, तोच सोळा अक्षरी क्रमांक, समूहातील मूळ कंपनीचे नाव आणि ५२,६५० रुपये. या कंपनीचे नाव मी कधी ऐकले नव्हते आणि ५२,६५० हा आकडा माझ्या कोणत्याच बिलावर नव्हता. म्हणजे पैसे नेहमीच्या खात्यात आले असते, तरी ३६,००० शोधणाऱ्या माझ्या नजरेतून ते निसटण्याचीच शक्यता अधिक होती.

हिशेब मात्र साधा आहे. दोन्ही बिले मिळून ५८,५०० रुपये झाले. कंपनीने व्यावसायिक शुल्कावरील नियमानुसार १० टक्के टीडीएस, म्हणजे ५,८५० रुपये कापले आणि उरलेले ५२,६५० एकाच वेळी पाठवले. माझी जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे त्याची भर नव्हती. जीएसटी लावणाऱ्यांच्या बिलात तो वेगळा दाखवलेला असेल, तर टीडीएस मूळ शुल्कावर कापला जातो आणि जमा होणारा आकडा आणखी वेगळा दिसतो. आता मी बिलांच्या नोंदवहीत बिलाची रक्कम, टीडीएस वजा जाता अपेक्षित रक्कम आणि यूटीआर असे तीन रकाने ठेवते, आणि एकाच ग्राहकाची दोन बिले बाकी असतील तर त्यांच्या बेरजेवरही हिशेब करून पाहते.

काही जण अशा वेळी प्राप्तिकराच्या संकेतस्थळावर फॉर्म २६ एएस पाहतात, मीही पाहिला होता. तिथे नोंद नाही म्हणून पैसे आले नाहीत असे समजणे ही आणखी एक चूक. जुलै ते सप्टेंबर या तिमाहीचे टीडीएस विवरणपत्र भरण्याची मुदत ३१ ऑक्टोबरपर्यंत असते आणि ते भरल्यानंतरच कापलेली रक्कम आपल्या नावावर दिसू लागते. सप्टेंबरमध्ये तो कोरा दिसणे स्वाभाविक होते.

“स्पॅम नाही” एवढे दाबून थांबणे

`Report not spam` दाबल्यावर तो मेल इनबॉक्समध्ये येतो, पण पुढचा येईलच याची हमी नसते, विशेषतः पाठवणाऱ्याची तांत्रिक नोंद सदोष असेल तर. खात्रीचा उपाय म्हणजे फिल्टर, आणि तो फोनच्या ॲपमधून करता येत नाही. संगणकावर शोधपट्टीच्या उजव्या टोकाचे चिन्ह दाबून `From` मध्ये अकाउंट्सचा पूर्ण पत्ता भरावा, `Create filter` वर जावे आणि `Never send it to Spam` समोर खूण करावी. ही सूट फक्त त्या एका पत्त्याला द्यावी. विषयात “payment” आला की सोडून द्या, असा फिल्टर करणे म्हणजे चोरांसाठी दार सताड उघडे टाकणे आहे. पूर्ण पत्त्यावर केलेला फिल्टरही पत्त्याची नक्कल करणाऱ्याला अडवत नाही, त्यामुळे यूटीआर पडताळण्याची सवय सोडता येत नाही.

समन्वयक बाईंना आणि त्यांच्या वरिष्ठांना मी त्याच दिवशी क्षमा मागणारा मेल पाठवला. त्यात यूटीआर, रक्कम आणि दोन्ही बिलांचे क्रमांक लिहून “पूर्ण रक्कम मिळाली” असे नमूद केले, आणि त्यांच्या मेल पाहणाऱ्या विभागासाठी `SPF` चा निकालही उतरवून दिला. खाते बदलण्यासाठी रद्द केलेला धनादेश आणि सहीचे पत्र वेगळे पाठवले. तो बदल त्यांच्या प्रणालीत चढायला वेळ लागला आणि ऑक्टोबरचे पैसे पुन्हा जुन्याच खात्यात गेले. मात्र त्याची सूचना या वेळी इनबॉक्समध्ये होती आणि जुन्या खात्याचे संदेश येण्यासाठी नवा मोबाइल क्रमांक मी तोवर बँकेत नोंदवलेला होता.